रजेचा अर्ज, उर्दूत

मालेगावातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला दोन दिवसांची रजा हवी होती. मराठीत अर्ज दिला असता तरी चाललं असतं. पण आमचे प्रिन्सिपलसाहेब उर्दूतच वाचतात आणि गोष्ट आईची होती, म्हणून ठरवलं की त्यांच्याच भाषेत लिहायचं.

अर्ज असा झाला:

बख़िदमत जनाब प्रिंसिपल साहब,
जनाब-ए-आली,
मुअद्दबाना गुज़ारिश है कि मेरी वालिदा की आँख का ऑपरेशन 14 जुलाई को होना तय पाया है। उनकी तीमारदारी के लिए मेरा साथ रहना ज़रूरी है। लिहाज़ा बराह-ए-करम 14 और 15 जुलाई की रुख़्सत-ए-इत्तिफ़ाक़िया मंज़ूर फ़रमाएँ। ऐन नवाज़िश होगी।
फ़क़त
अल-आरिज़

खाली सही आणि तारीख.

'बख़िदमत' म्हणजे सेवेशी. 'मुअद्दबाना' म्हणजे अदबीनं. 'लिहाज़ा' म्हणजे म्हणून; कारण सांगून झालं, आता मागणी, हे वाचणाऱ्याला तिथे कळतं. 'ऐन नवाज़िश होगी' म्हणजे मोठी मेहेरबानी होईल. 'अल-आरिज़' म्हणजे अर्ज करणारा. आपला 'अर्जदार' त्याच मुळाचा.

खरी मेख क्रियापदांत आहे. उर्दूत सांगणं एकच असलं तरी ते कोण सांगतंय यावर शब्द बदलतो. मी सांगतो ते 'अर्ज़ करना', साहेब सांगतात ते 'फ़रमाना'. म्हणून साहेबांनी रजा 'मंज़ूर फ़रमाएँ'. तीच जोडी उलटून कोणी 'मैंने फ़रमाया' म्हणालं, तर स्टाफरूममध्ये हशा पिकतो, कारण त्यानं स्वतःलाच मान दिलेला असतो. नवशिक्याचं उर्दू इथेच ओळखू येतं.

नम्रतेलाही हद्द असते. जुन्या अर्जांत लिहिणारा स्वतःला 'फ़िदवी' म्हणवून घेई, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा. मी तो शब्द घेतला नाही. नैमित्तिक रजा नियमात बसते. ती अदबीनं मागायची, गयावया करून नाही. आईच्या आजाराचं वर्णनही एका वाक्यात संपवलं. दुःख लांबवलं की अर्ज दयेचा होतो.

गंमत रजेच्या नावात आहे. आपण 'नैमित्तिक' म्हणतो, म्हणजे काही निमित्त हवं. उर्दूत ती 'इत्तिफ़ाक़िया', म्हणजे योगायोगानं उद्भवलेली. आणि आपला 'रजा' हा शब्द मुळात अरबी 'रिज़ा', म्हणजे संमती. आपण सुट्टीला 'रजा' म्हणतो तेव्हा समोरच्याचा होकार त्या शब्दातच असतो.

'फ़क़त'चंही तसंच. आपण पावतीवर 'रुपये पाचशे फक्त' लिहितो, कारण त्यापुढे कोणी आकडा वाढवू नये. अर्जातला 'फ़क़त' तेच सांगतो: माझं म्हणणं इथे संपलं.

साहेबांनी अर्ज वाचला, कोपऱ्यात 'मंज़ूर' लिहून सही केली आणि विचारलं, "वालिदा की कौन सी आँख?"

"उजवी," मी म्हणालो, मराठीतच.