पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढची पानं

परदेशी वित्तसंस्थेचा प्रस्ताव छोट्या निर्यातदाराच्या हातात पडतो तेव्हा पहिल्या पानावर दोन आकडे ठळक असतात. किती टक्के रक्कम लगेच मिळणार आणि त्यावर किती टक्के कापणार. बहुतेक जण तिथंच थांबतात, आणि थांबणारच. पुढची पानं लंडनच्या वकिलांनी लंडनच्या वकिलांसाठी लिहिलेली असतात. बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी करून बाहेर पडल्यावर मी हे प्रस्ताव निर्यातदारांसोबत बसून वाचायला लागलो. वाचताना मी एवढंच शोधत असतो: काय घडलं की पैसे आपल्याकडे येतात, आणि काय घडलं की ते परत द्यावे लागतात. बाकीची कलमं या दोन जागांच्या आसपास आपोआप लागतात.

सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारं एक घर आहे. माग वडील बघतात, निर्यात मुलगी. जर्मनीतल्या एका नव्या घाऊक खरेदीदाराकडून त्यांना ६०,००० युरोची ऑर्डर आली. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून ९० दिवसांनी. सूतवाला मात्र महिन्यात पैसे मागतो, आणि डाईंगवाला त्याच्याही आधी. अशात लंडनच्या एका संस्थेचा प्रस्ताव आला: इन्व्हॉइसच्या ८५ टक्के आगाऊ, त्यावर वार्षिक ८.४ टक्के व्याज, आणि इन्व्हॉइसच्या पूर्ण रकमेवर १.२५ टक्के सेवाशुल्क.

"काका, बरं आहे की हे," मुलगी म्हणाली. "बँक मर्यादा वाढवायला घर गहाण मागते. हे लोक काहीच मागत नाहीत."

आम्ही आधी हिशोब मांडला. ६०,००० चे ८५ टक्के म्हणजे ५१,००० युरो हातात. उरलेले ९,००० त्यांच्याकडे राखीव. खरेदीदारानं पूर्ण पैसे भरल्यावर खर्च कापून ते मिळणार. ५१,००० वर ९० दिवसांचं व्याज, वर्ष ३६० दिवसांचं धरून, कारण युरोत तशीच पद्धत आहे, १,०७१ युरो. सेवाशुल्क ७५०. एकूण १,८२१. हातात पडलेल्या ५१,००० च्या मानानं ९० दिवसांना साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणजे वर्षाला १४ टक्क्यांच्या वर. ८.४ चे १४ कसे झाले, हे तिला लगेच दिसलं: सेवाशुल्क पूर्ण इन्व्हॉइसवर आहे आणि तो पैसा किती दिवस वापरला याच्याशी त्याचा संबंध नाही.

पण हा हिशोबही खरा नव्हता. त्यात आपण गृहीत धरलं होतं की माल न्हावा शेव्याहून निघाला त्या दिवशीच पैसे मिळतील. चौथ्या पानावर लिहिलं होतं की खरेदीदारानं माल मिळाल्याचं आणि इन्व्हॉइस मान्य असल्याचं लेखी कळवल्यावर संस्था रक्कम सोडेल. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून हॅम्बुर्गचा प्रवास लांबला. माल पोचून गोदामात मोजला जाईपर्यंत ४० दिवस धरले, तर पैसे वापरायला उरतात ५०. व्याज ५९५ वर येतं, सेवाशुल्क मात्र तेच ७५०. एकूण १,३४५ युरो, तेही फक्त ५० दिवसांसाठी. वर्षाचा दर १९ टक्क्यांवर जातो. शिवाय सूतवाल्याची तारीख तर निघूनच गेलेली असते. पैसे जितके उशिरा, तितके महाग आणि तितकेच निरुपयोगी. दरावर घासाघीस करण्यात तिनं आठवडा घालवला होता. पाव टक्का कमी झाला असता तरी या एका ओळीपुढं तो काहीच नव्हता.

प्रस्तावाच्या डोक्यावर इन्व्हॉइस डिस्काउंटिंग असं छापलं होतं, पण आतली रचना फॅक्टरिंगची होती. साध्या डिस्काउंटिंगमध्ये आपण येणं वटवतो, वसुली आपणच करतो आणि खरेदीदाराला बहुधा पत्ताही लागत नाही. खरेदीदार बुडाला तर सहसा आपणच भरायचं. फॅक्टरिंगमध्ये येणं विकलं जातं, खरेदीदाराला तशी नोटीस जाते, पैसे त्यानं थेट संस्थेच्या खात्यात भरायचे, वसुलीही संस्था करते. सातव्या कलमात ती नोटीस होती. मुलीला वाटलं, खरेदीदार म्हणेल यांची पैशाची ओढाताण चाललीय. तसं होत नाही. जर्मन कंपन्यांच्या हिशोबखात्यात अशा नोटिसा नेहमी येतात. मला काळजी वेगळीच होती.

खरेदीदाराच्या ऑर्डरमागे बारीक टायपात छापलेल्या अटी होत्या. त्यांत म्हटलं होतं की विक्रेत्यानं आपलं येणं दुसऱ्याच्या नावे करू नये, आणि करारावर जर्मन कायदा लागू राहील. जर्मन व्यापारी संहितेचं ३५४अ कलम अशा वेळी मजेशीर मधला रस्ता काढतं. दोन व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारात अशी बंदी असली तरी येणं विकलं गेलं ते विकलंच गेलं. पण देणेकऱ्याला जुन्याच विक्रेत्याला पैसे भरून मोकळं होण्याची मुभा राहते. म्हणजे नोटीस मिळूनही खरेदीदार ६०,००० युरो सोलापूरच्या खात्यात पाठवू शकतो, आणि त्याचं देणं फिटतं. ते पैसे मग यांचे नसतात. यांनी ते संस्थेचे म्हणून वेगळे ठेवायचे आणि दोन दिवसांत पुढं पाठवायचे, असं अकरावं कलम सांगत होतं. कॅश क्रेडिटच्या खात्यात जमा झालेली रक्कम बँक उधारीत वळती करून घेते, तेव्हा ती दोन दिवसांत परत काढणार कुठून? खरेदीदाराकडून एका ओळीची लेखी संमती घेतली की हा गुंता सुटतो, म्हणून ती आधी मागवली.

आता मूळ मुद्दा. प्रस्तावात मोठ्या अक्षरांत नॉन-रिकोर्स लिहिलं होतं, आणि वडिलांनी त्याचा अर्थ असा घेतला होता की पैसे एकदा आले की आले. तसं ते असतं, पण एकाच प्रसंगात: खरेदीदार दिवाळखोर झाला, किंवा कोणतीही हरकत न घेता ठरलेल्या मुदतीपलीकडे पैसे भरू शकला नाही तर. त्यानं हरकत घेतली की संरक्षण गळून पडतं. संस्थेच्या बाजूनं बघितलं तर हे रास्तही आहे. त्यांनी खरेदीदाराच्या पतीची जोखीम घेतली आहे, मागावरच्या कामाची नाही.

टॉवेलच्या धंद्यात दिवाळखोरी क्वचित आणि हरकत रोजची. जीएसएम पाच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेलं, एका डाय-लॉटची छटा दुसऱ्याशी जुळली नाही, लेबलावर धुण्याच्या सूचना चुकल्या. खरेदीदार पूर्ण बिल नाकारत नाही, काही रक्कम अडवून धरतो. मी त्यांना उदाहरण घालून दाखवलं. समजा, चार खोक्यांतल्या टॉवेलांची छटा वेगळी निघाली आणि जर्मनीहून ३,००० युरो कापल्याची मेल आली. कलमात शब्द होते की वाद निर्माण झाल्यास ते येणं मंजूर राहणार नाही आणि विक्रेत्यानं ते पाच कामकाजाच्या दिवसांत परत विकत घ्यावं. ते येणं म्हणजे पूर्ण ६०,००० चं येणं. ३,००० च्या वादापोटी ५१,००० युरो, व्याज आणि शुल्कासह, पाच दिवसांत परत. तोवर ते पैसे सुताच्या आणि रंगाच्या बिलांत गेलेले असतात.

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग यापेक्षा बँकेत घर ठेवलेलं काय वाईट?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण कलम बदलता येतं. मी तीन दुरुस्त्या लिहून दिल्या. परतफेड फक्त वादातल्या रकमेपुरती. वाद म्हणजे माल पोचल्यापासून ठरावीक दिवसांत, कारण आणि रक्कम नमूद करून, लेखी कळवलेली हरकत. खरेदीदाराच्या गोदामातल्या कुणाची फोनवरची कुरकुर नव्हे. आणि तो मिटवायला किमान ४५ दिवस. चौथी मागणी मर्यादेबद्दल होती. संस्थेनं या खरेदीदारावर दीड लाख युरोची पतमर्यादा ठेवली होती आणि ती केव्हाही काढून घेण्याचा हक्कही. घ्यावी बापडी, पण जो माल जहाजात चढलाय त्याला हात लावू नये, एवढं लिहून हवं होतं. समुद्रावरचा माल सहजासहजी परत वळवता येत नाही.

संस्थेनं पहिली आणि चौथी मागणी मान्य केली. ४५ दिवसांचे ३० केले. वादाच्या व्याख्येवर त्यांचे वकील अडून बसले, पण लेखी असावा एवढं कबूल झालं. पैसे सोडण्याची अट पूर्ण हटली नाही, तरी तिचे दोन तुकडे पडले. माल निघण्यापूर्वी तिसऱ्या पक्षाचा तपासणी दाखला असेल तर बिल ऑफ लेडिंगवर ६० टक्के, उरलेले २५ टक्के माल पोचून मान्य झाल्यावर. तपासणीचा खर्च यांचा, पण तोच दाखला पुढं छटेच्या वादात हाताशी येणार होता. वर्षाचं किमान सेवाशुल्क ६,००० युरो ठेवलं होतं, म्हणजे अशी आठ इन्व्हॉइसं दिली तर ते भरून निघतं. या घराकडून वर्षाला पाच गेली असती आणि २,२५० युरो न वापरलेल्या सोयीपोटी भरावे लागले असते. ते ३,५०० वर आलं.

तरीही सही करण्याआधी इथल्या बँकेचं दार वाजवणं भाग होतं, आणि परदेशी संस्थांच्या देखण्या सादरीकरणात हे पान सहसा नसतं. पॅकिंग क्रेडिट देताना बँकेनं सगळी येणी स्वतःकडे तारण लावून घेतलेली असतात. एकदा तारण लावलेलं येणं दुसऱ्याला विकायचं तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि बँक म्हणते आमचं पॅकिंग क्रेडिट आगाऊ रकमेतून आधी फेडा. म्हणजे ५१,००० मधले किती खरंच मोकळे, हा हिशोब पुन्हा मांडायचा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत त्या शिपिंग बिलासमोर ६०,००० युरो येणं दिसत राहतं. खरेदीदाराऐवजी लंडनच्या तिसऱ्याच नावानं, तेही तुकड्यांत आणि शुल्क कापून रक्कम आली, तर ती नोंद बंद करायला बँक कागद मागते: विक्रीचा करार, नोटीस, कापलेल्या प्रत्येक युरोचं विवरण. ते आधी ठरवून घेतलं नाही तर पैसे येऊनही कागदोपत्री येणं उघडंच राहतं.

म्हणून मुलीनं शाखेला मेल लिहिली. असा व्यवहार तुमच्यामार्फत थेट चालेल का, की इथल्या एखाद्या निर्यात फॅक्टरला मध्ये घ्यावं लागेल, की गिफ्ट सिटीतल्या व्यापार-वित्त मंचावरून जावं, असं सरळ विचारलं आणि सोबत दुरुस्त केलेला मसुदा जोडला. जर्मनीतल्याच दुसऱ्या एका जुन्या खरेदीदाराचं नाव तिनं संस्थेला द्यायच्या यादीतून काढून टाकलं होतं. तो ४५ दिवसांत पैसे भरतो आणि तक्रार आली तरी पुढच्या ऑर्डरीत मिटवतो; त्याचं येणं विकण्यात तिला फायदा दिसला नाही. नव्या खरेदीदाराच्या पुढच्या कोटेशनमध्ये तिनं दर अडीच टक्क्यांनी वाढवून लावला आणि खाली लिहिलं: ३० दिवसांत पैसे भरल्यास जुनाच दर.