खोकं उघडण्याआधीच ‘वाह!’ कसं लिहिणार?



तुमच्या घरातली मुलं अनबॉक्सिंगचे व्हिडिओ बघतात का? माझ्या सातवीच्या वर्गात हात वर करायला सांगितलं तेव्हा एकही हात खाली राहिला नाही. म्हणून यंदा जाहिरात लेखन झाल्यावर मी त्याच्या शेजारीच एक वेगळा घटक घेतला, तो म्हणजे खोकं उघडण्याच्या व्हिडिओची संहिता. जाहिरात वस्तू विकायला लिहितात. ही संहिता वस्तू अजून न घेतलेल्या माणसासाठी लिहायची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक मुलांना लवकर कळतो.

वस्तू मात्र खरी हवी होती. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या एका पालकांनी वर्गाला सूक्ष्मदर्शक भेट दिला. ते टेम्पो चालवतात. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘१२०० पट’ छापलेलं होतं. मी मुलांना सांगितलं, हात लावायचा नाही, आधी लिहायचं.

पहिल्या दिवशी आलेल्या संहिता वाचून मला हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. एकाने लिहिलं होतं, “वाह! काय जबरदस्त क्वालिटी आहे!” दुसरीने लिहिलं होतं, “मी तर बघतच राहिले.” अरे, पण खोकं अजून कपाटात आहे! वस्तू न बघताच पहिलं मत तयार झालेलं. बघितलेल्या व्हिडिओंमधून ती वाक्यं मुलांच्या हातात आयती आली होती.

इथेच या लेखनाची खरी अडचण आहे. पहिली प्रतिक्रिया आधी लिहिली तर ती खोटी ठरते, आणि काहीच लिहिलं नाही तर कॅमेऱ्यासमोर मूल “हे आहे... आणि हे आहे...” करत अडखळतं. आम्ही काढलेला मार्ग तुम्हीही करून बघा. संहितेत प्रश्न लिहायचे, उत्तरांची जागा कोरी सोडायची. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘काय दिसेल’ आणि उजवीकडे ‘काय बोलू’. सुरुवात साधारण अशी झाली:

दिसेल : बंद खोकं, हळूहळू जवळ येणारे लाल आकडे.
बोलू : “खोक्यावर लिहिलंय, १२०० पट मोठं दिसेल. कांद्याची पापुद्र्यासारखी साल १२०० पट मोठी कशी दिसेल? मला वाटतं ________. खरंच तसं दिसतं का, ते याच व्हिडिओत बघू.”
दिसेल : खोकं हलवून, कानाशी धरून.
बोलू : “वजन ________ वाटतंय. आत काहीतरी ________ वाजतंय.”

पहिली कोरी जागा खोकं उघडण्यापूर्वी भरायची, पेनाने, म्हणजे नंतर बदलता येत नाही. बाकीच्या जागा उघडताना भरायच्या. अपेक्षा कागदावर असेल तरच निराशा मोजता येते. नाहीतर ती नुसती कुरकुर वाटते.

उत्सुकतेबद्दल एक सांगते. मुलांना वाटतं, “शेवटपर्यंत बघा, धक्का बसेल” म्हटलं की उत्सुकता तयार झाली. तसं नसतं. प्रश्न नेमका असेल, त्याचं उत्तर याच वस्तूत असेल आणि ते मिळेपर्यंत मध्ये आणखी छोटी उत्तरं मिळत असतील, तरच बघणारा थांबतो. तीन मिनिटांच्या व्हिडिओत १२०० चा प्रश्न आम्ही पहिल्या पंधरा सेकंदांत टाकला आणि उत्तर सव्वादोन मिनिटांवर ठेवलं. मधल्या वेळात चिकटपट्टी कापणं, थर्माकोल, आरसा, तयार काचपट्ट्या. आणि पहिली निराशा! दिव्याला दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते खोक्यात नाहीत. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. मुलांनी ते दाखवायला खोकं उलटं केलं, हे मला फार आवडलं.

मग कांदा. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला आणि औषधाच्या पेटीतल्या टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकला. १०० पट भिंगाखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी स्वच्छ दिसल्या. वर्गात खरोखरचा गलका झाला. तो व्हिडिओत तसाच ठेवलाय. ४०० पटीला कडा मऊ झाल्या, पण पेशी ओळखू येत होत्या. १२०० ला नुसता करडा धूर. स्क्रू जरा फिरवला की तोही हलायचा, कारण स्टँडच डगमगत होता.

असं का होतं, हे संहितेत एका वाक्यात यायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की मुलांना यंत्र लावता आलं नाही. नेत्रिकेवर २० आणि वस्तुभिंगावर ६० लिहिलेलं, गुणाकार १२००. गुणाकार बरोबरच आहे. पण किती बारीक तपशील दिसेल हे त्या गुणाकारावर ठरत नाही, भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं यावर ठरतं. त्या मर्यादेपुढे मोठं केलं की नवीन काही दिसत नाही, असलेलंच पुसट होत जातं. एका मुलाने स्वतःच म्हटलं, “बाई, फोनवर फोटो दोन बोटांनी ताणतो, तसंच की!” त्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं.

आता खरा पेच. ज्यांनी सूक्ष्मदर्शक दिला त्यांची मुलगी आमच्याच वर्गात आहे आणि संहिता वाचणारी तीच. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. “बाई, बाराशेचं काढून टाकू या का? पप्पांना वाईट वाटेल.” काय उत्तर द्यावं मला लगेच सुचलं नाही. वाक्य काढलं असतं तर पहिल्या पंधरा सेकंदांत विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला असता. ठेवलं तर पोरीला घरी जायचं होतं.

आम्ही दोघी बसलो आणि वाक्य पुन्हा लिहिलं. तिचं पहिलं वाक्य होतं, “हा सूक्ष्मदर्शक काही कामाचा नाही.” ते तर खरंही नव्हतं, १०० पटीला सगळा वर्ग ओरडला होता! नवीन वाक्य असं झालं : “खोक्यावर १२०० लिहिलंय. आम्ही चार जणांनी अर्धा तास प्रयत्न केला, १२०० ला आम्हाला फक्त धूसर दिसलं. १०० ला मात्र पेशी छान दिसतात. पुढच्या महिन्यात कसं चालेल ते अजून माहीत नाही.” यात कोणी बघितलं, किती वेळ, काय दिसलं आणि काय अजून बघायचंय, हे सगळं आलं. ‘बेकार’, ‘फसवणूक’ असे शब्द लागलेच नाहीत. वस्तू भेट मिळालेली आहे हेही सुरुवातीलाच सांगितलं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल बोलताना ऐकणाऱ्याला ते माहीत असायला हवं. समाजमाध्यमांवर प्रचार करणाऱ्यांसाठी आपल्याकडे तसे नियमही आहेत.

पालकांच्या गटावर टाकण्यापूर्वी मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावून व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, “बाई, दुकानात चारशेवालाही होता, स्वस्त. मी बाराशे बघूनच हा घेतला. ते तसंच राहू द्या, अजून कोणी घेईल.” त्यांच्या परवानगीने ते चारशेवालं वाक्यही आम्ही शेवटी जोडलं. मुलीने ते एका दमात वाचलं, त्यामुळे थोडं घाईत गेलंय. पुन्हा चित्रित केलं नाही.