नवं-जुनं

माझ्या विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी, म्हणजे 2022 मध्ये, निम्मी फी माफ केली होती. ती माफी 2021-22 च्या उत्पन्नावर ठरली होती. त्या हंगामात बाबांनी सोयाबीन घरात थोपवून धरलं आणि फेब्रुवारीत अकोल्याच्या बाजार समितीत 6,800 रुपयांनी विकलं. सोयाबीनला तसा भाव आम्हाला पुढच्या हंगामांत मिळाला नाही. शेवटच्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाला फेरविचाराचा ईमेल लिहायचं ठरलं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ओलिताचा प्रश्नच नाही. सोयाबीन घरी आलं तर वर्ष निघतं. मागून ओलीवर येणारा हरभरा 2021-22 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी सारखाच झाला होता.

पहिला अडथळा तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा. 2022 च्या दाखल्यावर 1,20,000 रुपये होते, नव्यावरही तेवढेच. शेतीचं उत्पन्न तलाठी जमिनीच्या अंदाजाने लिहितो, त्या वर्षीच्या भावाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. नुसते दोन दाखले जोडले असते तर वाचणारा म्हणाला असता, घट कुठे आहे? आयकर विवरणपत्रही नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणून दाखला जोडला, पण तो अंदाजाचा आहे हे स्वतःच लिहिलं आणि मुख्य पुरावा म्हणून अडत्याच्या हिशेबपट्ट्या लावल्या. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, तारीख सगळं असतं.

मग हिशेब मांडला. नऊ एकर, 2021-22 मध्ये 54 क्विंटल, 6,800 प्रमाणे 3,67,200 रुपये. 2024-25 मध्ये पावसाने शेंगा भिजल्या, 36 क्विंटल झालं, भाव 3,950, म्हणजे 1,42,200. हमीभाव 4,892 होता, पण सरकारी खरेदीत ओलाव्याला मर्यादा असते. आमचा माल ओला, वाळवत बसायला वेळ नव्हता आणि मजुरांचे पैसे द्यायचे होते.

इथवर कुणीही लिहिलं असतं. खरी गोष्ट खर्चात होती. बी, खत, फवारणी, सोंगणी, मळणी धरून आधी एकरी 15,000 लागायचे, आता 18,000. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च जाऊन 2,32,200 उरले, या वर्षी उलट 19,800 अंगावर आले. विक्री निम्म्याहून खाली आली, पण सोयाबीनचं उत्पन्न गेलं शून्याच्या खाली. ईमेलमध्ये हे दोन ओळींचं कोष्टक सगळ्यात वर ठेवलं. आजीचं आजारपण, भावाची बारावी वगैरे शेवटी एका वाक्यात. दुःख आधी मांडलं की आकडे कुणी नीट वाचत नाही, असं मला वाटतं.

कार्यालयाचं उत्तर आलं, आणि त्यात नेमका प्रश्न होता. जोडलेल्या बँकेच्या उताऱ्यात मे महिन्यात 1,10,000 जमा दिसतात, ते कशाचे?

बाबांना फोन लावला. ते हसले. ‘‘अवो बाई, ते नवं-जुनं होय. आपले पैसे नाई ते, बँकेचेच बँकेले.’’

वऱ्हाडात हे घराघरात कळतं, पण दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात कसं कळणार? जुनं पीककर्ज फेडायचं, म्हणजे नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलून खात्यात भरायचे, कर्ज नव्याने मंजूर झालं की तेच काढून परत करायचे. उताऱ्यात मात्र एक मोठी रक्कम खर्ची आणि एक मोठी जमा. न सांगता ती जमा उत्पन्नात धरली गेली, तर आमचं वर्ष चांगलं गेल्यासारखं दिसतं.

मी उतारे छापले आणि प्रत्येक जमेपुढे पेनाने लिहिलं: पीककर्ज, पीएम-किसान, नमो शेतकरी, आईच्या खात्यावरचे लाडक्या बहिणीचे, हरभरा. शासनाच्या योजनांचे पैसे उत्पन्नात धरावे की नाही हे त्यांनी ठरवावं, असं लिहून ते लपवले नाहीत. कर्जाची परतफेड आणि पुन्हा जमा या दोन नोंदी एकाच रंगाने जोडल्या, सोबत बँकेचं कर्जखात्याचं पत्र लावलं. मागणीही नेमकी केली: चालू वर्षाच्या उत्पन्नावर माफी पुन्हा ठरवावी आणि निर्णय होईपर्यंत विलंबशुल्क लावू नये.

माफी 50 टक्क्यांवरून 75 वर गेली. वसतिगृह आणि मेस त्यात बसत नाहीत, तो नियम बदलला नाही. ते पैसे मी शैक्षणिक कर्जातून भरते आहे. बाबांनी या वर्षी तीन एकरात तूर वाढवली आहे आणि पट्ट्या आता एका पिशवीत नीट ठेवतात.