धडा आटवताना

दूध आटवताना पाणी तेवढं उडतं. सत्त्व पातेल्यातच राहतं, त्यामुळे ढवळणाऱ्याला फारशी चिंता नसते. धडा आटवताना मात्र नेमकं काय उडून जाईल याचा भरवसा नसतो, आणि उडाल्यावर कागद पाहून ते कळतही नाही. कागद नीटनेटका दिसतो, चौकटी सरळ असतात, मुलं खूश असतात.

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. जूनमध्ये त्याला हात घालायचा. वर्गात ओल्या छत्र्या, नव्या वह्यांचा वास, आणि फळ्यावर एकामागून एक येत जाणारी मंडळी: विस्थापन, वेग, त्वरण, आलेख, गतीची तीन समीकरणं, वर्तुळाकार गती, न्यूटनचे तीन नियम, संवेगाची अक्षय्यता. एवढा पसारा एका धड्यात. शेवटच्या पानापर्यंत पोचावं तोवर पहिलं पान मुलांच्या डोक्यातून पुसट झालेलं असतं. मग मागच्या बाकावरून मागणी येते, “बाई, तो शेवटचा कागद कधी देणार?”

शेवटचा कागद म्हणजे उजळणीपत्रक. पाठपोट एक पान. मी ते हातानेच लिहिते आणि झेरॉक्स काढते. संगणकावर अक्षर बारीक करून कितीही कोंबता येतं. हाताला तसं जमत नाही, आणि जागा संपली की काय ठेवायचं ते ठरवावंच लागतं.

पूर्वी मला वाटे की मोठे परिच्छेद कापणं अवघड असतं. तसं नसतं. उदाहरणं, चित्रं, ‘करून पहा’च्या कृती बिनबोभाट निघून जातात. धोका असतो तो बारक्या शब्दांना: ‘एकसमान’, ‘असंतुलित’, ‘दुसऱ्या वस्तूवर’. दिसायला ते भरतीचे वाटतात. गाइडांत आणि मुलांच्या वह्यांत ते सगळ्यात आधी गळतात, कारण त्यांच्याशिवायही वाक्य पूर्ण वाटतं.

समीकरणांचंच पाहा. v = u + at, s = ut + ½at², v² = u² + 2as. तीन ओळींची चौकट, जिच्यासाठी मुलं हा कागद मागतात. या तिन्हींच्या डोक्यावर धड्यात एक अट आहे: त्वरण एकसमान असलं पाहिजे. चौकट आखली की अट बाहेर राहते. मग काय होतं ते दाखवायला मी कागदावर एक एस.टी. धाडते.

थांब्यावरून बस सुटली. पहिली 5 सेकंदं तिने एकसारख्या दराने वेग वाढवला आणि सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर गाठले. मग 10 सेकंदं त्याच वेगाने गेली. पुढे हात केलेला दिसला, चालकाने ब्रेक लावला आणि 4 सेकंदांत बस उभी राहिली. एकूण 19 सेकंदं. बस किती अंतर गेली?

चौकट पाठ असलेला मुलगा पुढे सरसावतो. सुरुवातीचा वेग शून्य, शेवटचा वेग शून्य, काळ 19. पहिल्या समीकरणावरून त्वरण शून्य. दुसऱ्यात घातलं की अंतरही शून्य. बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नाही, आणि बस थांब्यावरून हललेलीच नाही! वर्ग हसतो. तो मुलगाही हसतो, पण वहीत पुन्हा पुन्हा पाहतो, कारण त्याला चूक सापडत नसते. चूक आकड्यांत नाहीच. प्रवासात त्वरण दोनदा बदललं आणि समीकरण एकदाच लावलं. जिथे त्वरण बदलतं तिथे प्रवासाचा तुकडा पाडायचा आणि प्रत्येक तुकड्याला समीकरण नव्याने लावायचं. ‘त्वरण एकसमान असताना’ हे तीन शब्द चौकटीच्या आत, समीकरणांइतक्याच ठळक अक्षरांत हवेत ते यासाठी.

तुकडे पाडले की बस चालू लागते. पहिल्या तुकड्यात त्वरण 2, अंतर 25 मीटर. दुसऱ्यात 100. तिसऱ्यात वेग 4 सेकंदांत 10 वरून शून्यावर येतो, म्हणून त्वरण उणे अडीच आणि अंतर 40 उणे 20, म्हणजे 20 मीटर. एकूण 145.

त्या ‘उणे’पाशी निम्मा वर्ग अडखळतो. चिन्ह विसरलं की 40 आणि 20 ची बेरीज होते आणि उत्तर येतं 60. हे चूक आहे हे उत्तरसूची न पाहता कळावं, म्हणून मी कडेला एक प्रश्न लिहिते: ब्रेक लावलाच नसता तर त्या 4 सेकंदांत बस किती गेली असती? 40 मीटर. मग ब्रेक लावून ती 60 कशी जाईल? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली तर मला दुसरं काही नको.

खरं तर या सगळ्या प्रवासाला एक चित्र पुरतं. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वेग. रेषा 5 सेकंदं चढते, 10 सेकंदं आडवी चालते, 4 सेकंदं उतरते. खाली समलंब चौकोन तयार होतो. चढणीचा तिरपेपणा म्हणजे त्वरण, रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. समांतर बाजू 19 आणि 10, उंची 10, क्षेत्रफळ 145. सातवी-आठवीच्या भूमितीत निकाल लागला आणि तोच आकडा आला. अटही चित्रातच दिसते: रेषा जिथे मोडते तिथे तुकडा संपतो. समीकरण पाठ न होणाऱ्या मुलींचे डोळे इथे पहिल्यांदा चमकतात. जागा कितीही अपुरी पडली तरी कागदाच्या पुढच्या बाजूचा वरचा तिसरा हिस्सा मी या आलेखाला देते.

एक लाड मात्र मी स्वतःचा करते. बस सुटल्यानंतरच्या पहिल्या 5 सेकंदांतलं अंतर सेकंदासेकंदाने मांडते: पहिल्या सेकंदात 1 मीटर, दुसऱ्यात 3, मग 5, 7, 9. विषम संख्यांची रांग. गॅलिलिओच्या 1638 सालच्या पुस्तकात हीच रांग आहे, तो उतरणीवरून गोळे सोडून इथवर आला होता. परीक्षेला याचे गुण नाहीत. तरी समासात हे पाच आकडे राहतात.

पाठीमागची बाजू न्यूटनची. वर्तुळाकार गतीला मी एकच ओळ देते, चाल तीच पण दिशा बदलते म्हणून वेग बदलता. संवेगाच्या अक्षय्यतेला बंदूक आणि गोळी पुरे. दुसऱ्या नियमासाठी F = ma लिहितेच, पण त्याच्या आधी संवेगबदलाचा दर लिहिते. न्यूटननेही 1687 च्या ग्रंथात बल जोडलं होतं ते गतीच्या बदलाशी, आणि चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे का घेतो हेही तिथूनच चटकन सुटतं: संवेग तेवढाच जायचा आहे, त्याला वेळ जास्त दिला की हाताला बल कमी.

खरी अडचण तिसऱ्या नियमाची. ‘प्रत्येक क्रियाबलास समान आणि विरुद्ध दिशेने प्रतिक्रियाबल असते.’ वहीत हे वाक्य इथेच संपतं. मग बैल गाडी ओढतो, गाडीही बैलाला तेवढ्याच बलाने मागे ओढते, दोन्ही बलं एकमेकांना मारून टाकतात, तर गाडी हलते कशी? शेतावरच्या मुलांनी हलती गाडी रोज पाहिलेली असते, म्हणून ती नियमालाच खोटं समजतात, आणि गळका नियम तसा खोटाच असतो. ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. गाडीचा विचार करताना फक्त गाडीवरची बलं घ्यायची: बैल पुढे ओढतोय, चाकांचं घर्षण मागे, पुढचं जास्त म्हणून गाडी सुटते. बैलाचा विचार करताना गाडी मागे ओढतेय आणि जमीन खुरांना पुढे रेटतेय. चिखलात गाडी का अडते तेही मग सांगता येतं, खुरांना रेटायला जमीन घट्ट मिळत नाही.

टेबलावरच्या पुस्तकात तर भलेभले फसतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल त्याला वर उचलून धरतं. समान आणि विरुद्ध, म्हणून ही जोडी, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. यावर मी कागदावर एक खेळ देते. वाक्यातल्या दोन वस्तूंची अदलाबदल करा. ‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते’ याचं उलट ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढतं’. यात टेबल कुठे आहे? नाही. म्हणजे टेबलाचं बल या जोडीतलं नव्हे. त्याची जोडी ‘पुस्तक टेबलाला खाली दाबतं’ ही. या खेळात मुलं रमतात, आणि मग कुणी तरी पुस्तक एवढ्याशा बलाने अख्ख्या पृथ्वीला ओढतं या कल्पनेवर डोळे विस्फारतं.

पहिला नियम मी सगळ्यात शेवटी घेते. तो सोपा समजला जातो. ‘असंतुलित बल नसेल तर वस्तू स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकसमान गतीने जात राहते.’ पाठ सगळ्यांना असतं, पटलेलं कुणाला नसतं. सायकलचं पायडल थांबवलं की सायकल थांबते, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं, आणि अनुभवासमोर वाक्य हरतं. म्हणून तिथे मी विधान न लिहिता प्रश्न लिहिते. मघाचीच बस, मधली 10 सेकंदं, सरळ रस्ता, वेग तोच. तिच्यावरचं एकूण बल किती? बहुतेक वह्यांत ‘इंजिनाचं बल’ असं काहीतरी येतं. उत्तर शून्य. रस्ता चाकांना जेवढं पुढे रेटतो तेवढंच हवा आणि घर्षण बसला मागे धरतात.

यंदा हे सांगून झालं आणि खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील ट्रक चालवतात. तिने जरा घुश्शातच विचारलं, “बाई, एकूण बल शून्य, तर मग डिझेल कशाला जळतं?”

कागदात याचं उत्तर नव्हतं, आणि ते तिथे बसणारही नव्हतं. हवेला बाजूला सारण्यात, टायर आणि यंत्राच्या घर्षणात ऊर्जा उष्णता होऊन सतत निघून जाते, ती भरून काढायला डिझेल. पण ऊर्जा या धड्यात नाही, पुढच्यात आहे. ‘कार्य आणि ऊर्जा’च्या पहिल्या तासाला मी फळ्यावर शीर्षक न लिहिता तिचा प्रश्न लिहिला, आणि तिलाच आधी सांगायला लावलं की तिच्या वडिलांचा ट्रक भरलेला असताना लिटरमागे किती कमी पळतो.