भाऊसाहेबांची पिसं

पोपट स्वतःची पिसं उपटायला लागला की घरातले सगळे लोक एकदम मानसशास्त्रज्ञ होतात. "त्याला एकटं वाटतंय", "त्याला राग आलाय", "त्याला कुणाची तरी आठवण येतेय". आमच्या मावशीकडे तर कारण आधीच ठरलेलं होतं. काका गेले ऑक्टोबरात, आणि फेब्रुवारीत त्यांच्या पोपटाची छाती उघडी पडली. आता यात आणखी विचारायचं काय राहिलं?

हा पोपट म्हणजे आफ्रिकन ग्रे. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा. काकांनी तो न्यू जर्सीत आल्यावर एका पक्षीपालकाकडून पिल्लू असताना आणला आणि कौतुकाने त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. अजूनही तो हुबेहूब काकांच्या आवाजात "काय म्हणता?" असं विचारतो. त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आधी त्या आवाजाने हलायचा, मग ती उघडी गुलाबी छाती बघायचा, आणि मावशीला म्हणायचा, "मुका जीव हो, पण किती माया!" मावशी डोळे पुसायची. पहिल्या डॉक्टरांनीही दहा मिनिटांत हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. पक्षी कंटाळलाय, दुःखी आहे, खेळणी आणा. दोनशे डॉलरची खेळणी आली. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग आम्ही फक्त पक्षीच बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मला फार पटलं. कंटाळा हे निदान शेवटी करायचं असतं, आधी नाही. आणि शेवटी करायचं म्हणजे बाकीचं काही सापडलं नाही म्हणून नाइलाजाने करायचं असंही नाही. त्यालाही पुरावा लागतो.

आता हा पुरावा कसा गोळा करतात ते सांगते. पोपट पाळणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि न पाळणाऱ्यांनाही गंमत वाटेल.

बाईंनी सगळ्यात आधी पाहिलं ते डोकं. पोपटाची चोच सगळ्या अंगाला पोचते, फक्त स्वतःच्या डोक्याला पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गळली असतील तर उपटणारा दुसरा कुणीतरी आहे, नाहीतर पिसांच्या मुळांनाच रोग आहे. पोपटांमध्ये चोच आणि पिसं खराब करणारा एक विषाणू असतो, त्याची शंका तेव्हा आधी येते. भाऊसाहेबांचं डोकं अगदी मखमली होतं. छाती आणि मांड्यांची आतली बाजू मात्र उघडी. म्हणजे काम त्यांच्याच चोचीचं.

मग त्यांनी आठवडाभर पडलेली पिसं पिशवीत जमवून आणायला सांगितली. मला वाटलं, आता याचं काय करणार? पण पिसं दोन तऱ्हेने जातात. मुळासकट उपटलेलं पीस असेल तर त्या जागी दोन-तीन आठवड्यांत सुईसारखं कोवळं पीस दिसायला लागतं. पण पीस मधेच कुरतडून तोडलं असेल तर खुंट कातडीत तसाच राहतो, आणि पुढची पिसं झडण्याची वेळ येईपर्यंत नवीन पीस येत नाही. हे माहीत नसलं तर उपाय लागू पडत असूनही माणूस म्हणतो, "महिना झाला, काहीच फरक नाही." आमच्या पिशवीत बहुतेक पिसं मुळासकट होती. म्हणजे निदान निकाल लवकर कळणार होता.

नंतर रक्त. जेमतेम साडेचारशे ग्रॅमचा जीव. शंभर ग्रॅम वजनामागे फार तर एक मिलीलीटर रक्त काढता येतं, त्यामुळे कुठल्या चाचण्या करायच्या हे आधीच ठरवावं लागतं. जंतुसंसर्ग आहे का, यकृत-मूत्रपिंड ठीक आहेत का, तो विषाणू आहे का, आणि अंगात जस्त किंवा शिसं गेलंय का. जस्त म्हणजे पिंजऱ्याच्या तारांवरचा मुलामा, स्वस्त कड्या, साखळ्या. पोपट दिवसभर हेच चघळत असतात. त्यात आणखी एक मेख अशी की रक्ताच्या नळीचं रबरी बूच असतं ना, त्यातूनही जस्त रक्तात उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून त्यासाठी वेगळी नळी वापरतात. एक्स-रेही काढला, कारण पोटात किंवा सांध्यात दुखत असलं तर पक्षी नेमकी त्याच्या वरची पिसं उपटत बसतो. सगळं ठीक निघालं.

मावशी म्हणाली, "बघ, मी सांगत होते!" बाई म्हणाल्या, थांबा. अजून कातडी राहिली.

माणसांना ॲलर्जी शोधायला कातडीत थेंब थेंब टोचून कुठे गांधी उठते ते बघतात. पक्ष्यांच्या बाबतीत ही चाचणी भरवशाची नाही. त्यांची कातडी कागदासारखी पातळ, आणि माणसाच्या कातडीवर हमखास गांधी उठवणारं हिस्टमिन टोचलं तरी त्यांच्यात ती धड उठत नाही. जी चाचणी 'हो' असतानाही 'हो' म्हणत नाही, तिच्या 'नाही'ला काय अर्थ? म्हणून बाईंनी कातडीचा तुकडा काढायचं ठरवलं. एक नाही, दोन. एक उघड्या छातीवरचा, आणि दुसरा मानेवरचा, जिथे चोच पोचतच नाही तिथला, चांगल्या पिसांमधला.

मावशी बिथरली. "दुखतंय तिथलं काढा, समजू शकते. चांगल्या जागेचं का कापायचं?"

खरं तर सगळी गोम त्या चांगल्या तुकड्यातच असते. छातीची कातडी रोज ओरबाडली जातेय, तिथे सूज दिसणारच. ती सूज उपटण्याचं कारण आहे की परिणाम, हे तो तुकडा एकट्याने सांगू शकत नाही. पण चोच न पोचणाऱ्या मानेतही तशीच सूज दिसली तर ती आतून आलेली, म्हणजे खाज आधी आणि उपटणं नंतर. मान स्वच्छ आणि छातीवर फक्त जखमा, तर उपटणं आधी. 2008 साली अमेरिकेत चारशेहून जास्त पिसं उपटणाऱ्या पक्ष्यांच्या अशा जोडतुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण निम्म्या पक्ष्यांमध्ये आतून सूज होती, निम्म्यांमध्ये नुसत्या जखमा. म्हणजे नुसतं बघून "कंटाळलाय" म्हणणं हे नाणं उडवण्यासारखंच. त्यातही मकाव आणि ॲमेझॉन पोपट सुजेकडे झुकणारे, काकाकुवे आणि ग्रे जखमांकडे.

भूल देऊन तुकडे काढले, एकेक टाका घातला. रिपोर्टात मान स्वच्छ. छातीवर जखमा, आणि पिसांच्या मुळाशी थोडा जंतुसंसर्ग, तोही ओरबाडण्यामुळे झालेला. त्यावर औषध मिळालं. गळ्यात कॉलर घालावी का असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, जखम खोल असती तर घातली असती. कॉलरने चोच थांबते, कारण थांबत नाही.

आणि मग त्यांनी मावशीला विचारलं, "काका गेल्यावर घरात काय काय बदललं?" दुःख कसं आहे वगैरे नाही. नुसती यादी करायला सांगितली.

यादी आम्ही स्वयंपाकघरात बसून केली. काका रोज सकाळी दाढी करताना भाऊसाहेबांना बाथरूममधल्या दांडीवर बसवून शॉवर उडवायचे. ते बंद. पिंजरा दिवाणखान्यात होता, तो मावशीने सोबत म्हणून बेडरूममध्ये आणला, नेमका हीटरच्या झडपेशेजारी. जर्सीचा हिवाळा, त्यात ती कोरडी गरम हवा दिवसभर अंगावर. काका साडेसातला पिंजऱ्यावर चादर टाकायचे. मावशीला झोप येत नसे, टीव्ही रात्री एकपर्यंत चालू. काका मटारच्या आणि भुईमुगाच्या शेंगा अख्ख्या द्यायचे, त्यात भाऊसाहेबांची दुपार जायची. मावशी मायेने सोलून द्यायची. वाटी पाच मिनिटांत रिकामी.

ही शेवटची गोष्ट मला किरकोळ वाटली होती, पण तीच मोठी निघाली. रानातला पोपट दिवसाचे चार-सहा तास खाणं शोधण्यात, सोलण्यात घालवतो. चोचीला तेवढं काम हवंच असतं, नाही मिळालं तर ती पिसांवर चालते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात 2003 साली सोळा लहान ॲमेझॉन पोपटांवर प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खाणं मिळवायला खटपट करावी लागेल आणि चढाय-झुलायला मिळेल असे पिंजरे, निम्म्यांना नुसती वाटी. नुसत्या वाटीवाल्यांची पिसं खराब होत गेली, आणि पुढे त्यांनाही तशी सोय केल्यावर सुधारली.

बाईंनी सगळं एकदम बदलू दिलं नाही. आधी पाणी, पिंजऱ्याची जागा आणि बारा तास अंधार. सहा आठवड्यांनी शेंगा, कागदात गुंडाळलेले दाणे, मक्याचं कणीस. दर रविवारी त्याच टॉवेलवर, त्याच खिडकीपाशी फोटो. आणि तो उपटताना दिसला तर धावत जायचं नाही, ओरडायचं नाही. नाहीतर पीस उपटलं की माणूस येतो, हे तो शिकतो.

पहिल्या सहा आठवड्यांत मांड्यांवर कोवळी पिसं दिसली, पण छातीवरची येतील तशी जात होती. शेंगा सुरू झाल्यावर छातीवरची टिकायला लागली. आज छातीच्या मधोमध रुपयाएवढी जागा सोडली तर बाकी अंग भरलंय. तिथली मुळं पुन्हापुन्हा उपटून मेलीत, तिथे आता पीस यायचं नाही. मूळ कारण कोरडी कातडी होतं की रिकामी चोच, हेही शंभर टक्के वेगळं करता येत नाही, कारण शॉवरने कातडीही शांत होते आणि वेळही जातो.

पण मागच्या वर्षी मावशी पाच आठवडे पुण्याला गेली तेव्हा भाऊसाहेब माझ्याकडे होते. काका नाहीत, मावशीही नाही, घर नवं. मी फक्त शॉवर, चादर आणि शेंगा सांभाळल्या. त्यांनी एक पीस उपटलं नाही.

मावशीला हे फोनवर सांगितलं तर क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला आमची काही पडलेली नाही म्हण!"

तसं नाही गं, मी म्हटलं. त्याच्या मनात काय आहे ते सांगणारी चाचणी नाही. पण त्याची सकाळ कशी जायची, ते आपल्याला कळलं ना?

आता ती रोज आठ वाजता त्याला बाथरूममध्ये नेते. शॉवर सुरू केला की तो पंख पसरतो आणि काकांच्या आवाजात विचारतो, "गार आहे का?"