तिचं वय आठच आहे

बोदवडला नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी गल्लीभर धांदल असते. टिपाडं, हंडे, पातेली भरली जातात आणि सांडत्या पाण्यात लेकरं कपड्यांसकट भिजून घेतात. माझी भाची त्यात सगळ्यांत पुढे असायची. एका पाण्याच्या दिवशी मात्र ती उंबऱ्यातच उभी राहिली, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून. तेव्हा तिला साडेसात वर्षं झाली होती.

रात्री तिने वहिनीला सांगितलं, डाव्या बाजूला दुखतं. वहिनीच्या हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली आणि तिचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "कुठी आपटली असंल, हळद लावा." वहिनीच्या मनात मात्र कर्करोगाचं भय शिरलं होतं आणि ते ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. मुलींचं वयात येणं बहुधा असंच सुरू होतं. स्तनाग्राखाली एक दुखरी गाठ येते, पुष्कळदा आधी एकाच बाजूला, आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. ही गाठ कधी कापून तपासायची नसते, कारण पुढे होणाऱ्या स्तनाचं ते बीजच असतं. गाठीत भिण्यासारखं काही नव्हतं. विचार करण्यासारखं होतं ते तिचं वय. आठ वर्षांच्या आत ही खूण दिसली, किंवा दहाच्या आत पाळी आली, तर मुलीला डॉक्टरांना दाखवावं असं मानतात.

वहिनीने दाराच्या चौकटीवर दर दिवाळीला पेन्सिलीने लेकीच्या उंचीची रेघ ओढून ठेवली होती. या वयाचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. शेवटच्या दोन रेघांत नऊ सेंटीमीटरचं अंतर होतं. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. जळगावच्या डॉक्टरांनी मात्र तो आकडा ऐकून आधी डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगितला.

त्या एक्स-रेत हाडांचं वय कळतं. बोटांच्या आणि मनगटाच्या हाडांना टोकाशी वाढीच्या कूर्चेची पट्टी असते. वयात येताना ती आधी भराभर वाढते आणि मग बुजते. माझ्या भाचीची हाडं दहा वर्षांची दिसत होती. अशी मुलगी आज वर्गात सगळ्यांत उंच दिसते, पण तिची वाढ लवकर थांबते आणि मोठेपणी ती ठेंगणी राहू शकते. चौकटीवरच्या रेघांचा हा अर्थ आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता.

मग रक्ताची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग पियुषिका ग्रंथीला निरोप पाठवतो, ती बीजकोशांना जागं करते आणि तिथून शरीर बदलू लागतं. लहानपणी हा निरोप दबलेला असतो. तिच्यात तो आधीच सुटला होता. असं का झालं, याचं उत्तर बहुतेक मुलींच्या बाबतीत मिळत नाही. सहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर मेंदूत गाठ वगैरे नाही ना, हे एमआरआय करून आवर्जून पाहतात. वजन जास्त असलेल्या मुली लवकर वयात येतात, हेही दिसलं आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्या डॉक्टरांनी अशा मुली वाढल्याची नोंद केली. शेजारच्या बायका कोंबडीला आणि पिशवीच्या दुधाला दोष देत होत्या. त्याला ठोस पुरावा नाही, आणि त्या बोलण्याने वहिनीला उगाच वाटायला लागलं की आपण लेकीला चुकीचं खाऊ घातलं.

डॉक्टरांनी लगेच औषध दिलं नाही. काही मुलींत हा बदल सुरू होऊन मंदावतो, त्यांना नुसतं लक्ष ठेवून चालतं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा तिचा वेग तसाच होता, म्हणून दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. ते मेंदूचा निरोप थोपवतं. झालेले बदल पुसले जातात असं नाही, पण पुढचे थांबतात आणि हाडांना वाढायला अवधी मिळतो. अकराव्या वर्षाच्या सुमाराला ते बंद करतात, मग शरीर आपल्या वाटेने पुढे जातं आणि पाळी येते.

हाडांची घाई इंजेक्शनाने थोपली. लोकांच्या नजरेवर मात्र औषध नव्हतं. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून. पोरं तिला "ए काकू" म्हणायची. वरच्या वर्गातल्या एकीने विचारलं, "किती वेळा नापास झाली व?" ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून शाळेत जायची आणि खांदे पुढे ओढून चालायची. भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघर गाणी म्हणत होत्या, खिरापत ओळखत होत्या. एका घरी बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "हिची पाळी सुरू झाली का?" त्या संध्याकाळनंतर ती भुलाबाईला गेलीच नाही.

घरातही सगळे सांगत होते, पण नुसते नकार. उड्या मारू नको, पाय पसरून बसू नको, पोरांत खेळू नको. का नको, ते कुणी सांगत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीने त्यातून एकच अर्थ काढला, की आपण काहीतरी वाईट केलं आहे. पाळीचं विचारलं तर आई म्हणायची, "कावळा शिवतो." मग ती गच्चीवर कावळा दिसला की आत पळायची.

एका दुपारी वहिनीने आणि मी तिला जवळ बसवलं. तुझ्या अंगाला मोठं होण्याचा निरोप जरा लवकर मिळाला, म्हणालो. तो सगळ्या मुलींना मिळतो, आईला मिळाला, आत्यालाही. कधी चड्डीला रक्त दिसलं तर ती जखम नसते, घाबरायचं नाही, आईला किंवा बाईंना सांगायचं. पॅड उघडून दाखवलं. तिने त्यावर पाणी ओतून पाहिलं, किती शोषतं ते. अंगाला कुणी नकोसा हात लावला तर ओरडायचं, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता माझं लग्न करणार?"

हा प्रश्न तिने आजीच्या गोष्टींतून उचलला होता. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची आणि सासरी पाठवायचं. याच प्रश्नावर 1891 साली महाराष्ट्र पेटला होता. संमतिवयाचा कायदा मुलीशी शरीरसंबंधासाठीची दहाची मर्यादा बारावर नेत होता. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की न्हाण येताच गर्भाधान व्हायला हवं, मग मुलीचं वय काही असो. लोकमान्य टिळकही त्या विधेयकाच्या विरोधात होते. कायद्याने तेव्हा बारा हे फारच कमी वय धरलं, पण मुलीच्या शरीरापेक्षा तिचं वय मोठं मानलं. आज लग्नाला अठरा वर्षं लागतात, आणि तिथेही शरीर विचारलं जात नाही.

तिला आम्ही सांगितलं, लग्न नाही, तू तिसरीत आहेस. वहिनी शाळेत जाऊन बाईंशी बोलली. आता ती दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसते. घरी आईलाही समजावून सांगितलं. काम सांगताना, रागावताना, मांडीवर घेताना हिची उंची बघू नका, जन्मतारीख बघा. अंग दहाचं झालं असेल, पण अंधाराला भिणारी, दात पडला की रडणारी ही मुलगी आठच वर्षांची आहे, आणि तेवढी राहण्याचा तिला पुरता हक्क आहे.