मध्येच उठणारा आवाज

शाळेतून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी आम्ही तिघे वर्गमित्र मराठीतून स्टँड-अप कॉमेडी करू लागलो. पुण्या-मुंबईच्या छोट्या सभागृहांत साठ-सत्तर प्रेक्षकांसमोर प्रत्येकाने वीस मिनिटे एकट्याने बोलायचे, असे आमच्या प्रयोगाचे स्वरूप आहे. हे काम करताना प्रेक्षकांतून मध्येच ओरडणाऱ्या माणसाशी गाठ पडतेच. त्याला गप्प करणे तितकेसे अवघड नसते. त्याला गप्प करताना उरलेले सभागृह आपल्या बाजूला ठेवणे अवघड असते.

पहिल्या ओरडण्याकडे आम्ही लक्ष देत नाही. कोणी उत्साहाच्या भरात बोललेला असतो, कोणी मित्राच्या कानाशी बोलायला जातो आणि आवाज मोठा होतो. पुष्कळदा दोन रांगांपलीकडे ते शब्द पोहोचलेलेही नसतात. मात्र दुसऱ्या वेळी लोकांच्या माना त्या दिशेला वळल्या, की उत्तर द्यावेच लागते. आता सारेजण विनोद ऐकणे सोडून, हा काय करतो, हे पाहत असतात.

अशा वेळी आम्ही प्रथम त्याचे शब्द जसेच्या तसे माईकवर उच्चारतो. मागच्या रांगेतील माणसाने मूळ टोमणा ऐकलेला नसतो. त्याला फक्त कलाकाराचे तिखट उत्तर ऐकू आले, तर कलाकारच उद्धट वाटतो. शिवाय शब्द पुन्हा उच्चारताना विचाराला दोन-तीन क्षण मिळतात.

उत्तराचे माप त्याहून नाजूक असते. तिकीट काढून आलेले लोक सुरुवातीला कलाकाराच्याच बाजूचे असतात. पण उत्तर अपराधापेक्षा जड झाले, की तेच लोक आपल्यासारख्याच एका प्रेक्षकाची कड घेतात. नोव्हेंबर 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘लाफ फॅक्टरी’त मायकेल रिचर्ड्स या प्रसिद्ध विनोदी नटाने, मध्ये बोलणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वंशद्वेषी शिव्या दिल्या. व्यत्यय प्रेक्षकांनी आणला होता, तरी लोक उठून गेले ते नटाच्या वागण्याने. त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले आणि त्याला दूरचित्रवाणीवर जाहीर माफी मागावी लागली. म्हणून आमचा नियम असा की, टोला त्या माणसाच्या त्या क्षणीच्या वागण्याला बसावा. जन्म, रंग, शरीर, कपडे यांना स्पर्श करू नये. त्याने ‘तू’ म्हटले, तरी आम्ही ‘तुम्ही’च म्हणतो.

एका प्रयोगात आमचा एक सहकारी घाटात बंद पडलेल्या एसटीचा किस्सा सांगत होता. तिसऱ्या रांगेतून एका पन्नाशीच्या गृहस्थांनी आवाज दिला, “आधी पूर्ण नाव सांग!” सहकारी पुढे बोलत राहिला. थोड्या वेळाने तोच आवाज चढला, “आडनाव काय तुझं?” माना वळल्या. हा प्रश्न महाराष्ट्रात कशासाठी विचारला जातो, हे तेथे कोणालाही समजावून सांगावे लागणार नव्हते.

सहकारी थांबला आणि आवाज न चढवता माईकवर म्हणाला, “तिसऱ्या रांगेतले काका विचारतायत, आडनाव काय.” मग त्याने सभागृह दोन क्षण तसेच शांत राहू दिले. त्या शांततेत प्रश्नाचे ओझे विचारणाऱ्याकडे परतले. नंतर तो म्हणाला, “काका, विनोद कळायला आडनाव लागत असेल, तर तुमचं सांगा. मी तेवढा सोपा करून सांगतो.”

मोठा हशा झाला. याच जागी दुसरा टोला हाणण्याचा मोह होतो आणि येथेच थांबावे लागते. हशा पुरता विरण्याआधीच सहकाऱ्याने तुटलेले वाक्य उचलले, “तर एसटी घाटात उभी होती...” आपण कोठे थांबलो, ते वाक्य लक्षात ठेवावे लागते, ते सापडले नाही, तर पुढचा सगळा प्रयोग त्या माणसाच्या नावे होतो. हे सारे एका मिनिटाच्या आत आटोपले.

ते गृहस्थ तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा सहकाऱ्याने विनोद केला नाही. आधी ठरल्याप्रमाणे त्याने माईकच्या दांड्यावर हात ठेवला. ती खूण पाहून सभागृहाचे व्यवस्थापक खुर्चीपाशी वाकले आणि हळू आवाजात बोलले. किस्सा चालूच राहिला. काही वेळाने गृहस्थ उठून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीवरही कोणी शेरा मारला नाही.

ही रीत एकट्यादुकट्या माणसापुरतीच चालते. लोक जेवायला किंवा वाढदिवसाला जमलेले असतील आणि निम्मे सभागृह आपापसांत बोलत असेल, तर तो व्यत्यय राहत नाही. तेथे वीस मिनिटांची दहा करून नमस्कार करावा.

त्या रात्री सहकाऱ्याने आपले आडनाव सांगितलेच. ते पुढच्या किश्श्यात लिहिलेले होते, आणि ठरलेल्या जागी आले तेव्हा त्यावर सर्वांत मोठा हशा झाला.